मदत हवी: एकाच उत्पादकाचं दूध अल्कोहोल टेस्टला फाटतंय

संकलक_०७: चार दिवस झाले, एकाच उत्पादकाचं सकाळचं दूध फाटतंय. बाकी सगळ्यांचं पास होतं. वास ठीक आहे. तो म्हणतो, आत्ताच पिळलंय. परत करू की घेऊ? संध्याकाळच्या संकलनाआधी सांगा.

गोधन: फाटलं म्हणजे आंबट. परत करा. कॅन नीट धुतला नसेल.

लॅबवाला: इतक्यात परत करू नका. अल्कोहोल किती टक्क्यांचं आहे? प्रमाण काय? गाय की म्हैस, आणि व्यायला किती दिवस झाले?

संकलक_०७: तीन गायी, दूध एकत्रच येतं. ५ मिली दुधात ५ मिली अल्कोहोल. स्पिरिटमध्ये पाणी अंदाजे घालतो. व्यायल्याचं विचारलं नाही.

लॅबवाला: अंदाज नको, ६८ टक्के हवं. ९५ टक्क्यांचं स्पिरिट ७१.६ मिली मोजा आणि डिस्टिल्ड पाण्याने एकूण १०० मिली करा. कडक झालं तर चांगलं दूधही फाटतं. बाटली उघडी राहिली तर अल्कोहोल उडतं आणि आंबट दूध पास होतं.

आता त्याच दुधाचे ५ मिली परीक्षानळीत घेऊन नळी उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवा. गुठळ्या झाल्या तर आंबटपणा खरा. नाही झाल्या तर १० मिली दुधात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकून दशांश नॉर्मल कॉस्टिकने फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत मोजा. १.६ मिली लागलं तर आम्लता ०.१४४ टक्के, म्हणजे नेहमीचीच. मग दूध आंबट नाही, त्यातल्या क्षारांचा तोल बिघडलाय. कॅल्शियम वाढलं की केसीन अल्कोहोलपुढे टिकत नाही. चिकाचं दूध, आटत आलेली गाय, कासदाह, यांत असं होतं.

गोधन: उकळून टिकलं तरी पावडर प्लांटला ते नकोच असतं. तापवताना तिथे त्रास देतं.

लॅबवाला: ते मान्य. पण उत्पादकाला ‘आंबट’ म्हणून परत पाठवलंत तर तो कॅन धूत बसेल आणि दोष गोठ्यातच राहील. किंवा सोडा घालेल. मग टेस्ट पास होईल आणि भेसळ आत येईल.

शेतकरी_पुत्र: माझ्या म्हशीचं फॅट उन्हाळ्यात कमी लागतं, तेही यामुळेच का?

लॅबवाला: नाही, तो वेगळा विषय. नवा धागा काढा.

पशुखाद्य: रोज ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर सुरू करा, आठवड्यात सुटेल.

लॅबवाला: कासदाह असेल तर नाही सुटणार. आधी तिन्ही गायींचं दूध वेगळं तपासा, मग दोषी गायीच्या चारही सडांचं.

संकलक_०७: नवं अल्कोहोल करून पाहिलं. दोन गायी पास, तिसरीचं फाटतं. ती आठ महिन्यांची गाभण आहे. उकळून गुठळ्या नाहीत, कॉस्टिक १.५ मिली. सड अजून तपासले नाहीत.

लॅबवाला: मग ०.१३५ टक्के, आंबट नाहीच. तिला आटवायची वेळही झालीच आहे. तोवर तिचं दूध घरी ठेवायला सांगा आणि दोघींचं घ्या.

गोधन: शीतकरण केंद्र फक्त अल्कोहोल पाहतं. तीन गायींचं मिसळून पास झालं, तर घ्यायचं का?