७/८ नंतर ५/८ आला की ड्रमर एक एट्थ उशिरा येतो – मदत हवी आहे

सहावी_तार

आमचा पुण्यात तिघांचा मॅथ रॉक बँड आहे. दोन गिटार आणि ड्रम. बेस नाही, गाणारं कोणी नाही. नव्या ट्रॅकच्या मुख्य रिफवर अडलोय.

वेग १४०. ७/८ चे तीन बार, मग ५/८ चा एक, की पुन्हा पहिल्यापासून. सात मी दोन-दोन-तीन असा तोडतो, पाच तीन-दोन असा. जोराचे सूर वरच्या फ्रेट्सवर लांब उड्या मारतात आणि मधल्या जागा उघड्या तारांनी भरतात, त्यामुळे चाल टोकदार लागते. ती तशीच राहायला हवी.

ड्रमर एकटा क्लिकवर बिनचूक वाजवतो. तिघं एकत्र बसलो की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ५/८ संपताना चुकतो. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग परत परत ऐकलं, तर प्रत्येक वेळी तो बरोबर एक एट्थ उशिरा येतोय. लवकर कधीच नाही. क्लिकमध्ये प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्याला जोर दिलेला आहे. तो म्हणतो, "मी मोजतोय, पण शेवटी मला वेगळंच ऐकू येतं." काय करावं?

निषाद_०७

ट्यूनिंग कोणतं लावलंय? मी एफ-ए-सी-जी-सी-ई लावतो. त्यात डीची तार सीवर उतरते आणि माझ्या गिटारवर ती सैल पडून झणझणते. उघड्या तारा इतक्या वापरत असाल तर तुम्हालाही हा त्रास होत असणार. चौथी तार जाड घ्यावी का, कोणी सांगेल का?

सहावी_तार

निषाद, आमचं ट्यूनिंग साधंच आहे, अडचण तालाची आहे. पण हो, चौथी तार एक नंबर जाड घेऊन बघा, माझ्या मित्राचा तोच त्रास तेवढ्याने गेला.

विलंबित

मी तबला शिकवतो. हे संगीत माझ्या नातवाकडून ऐकलं आहे. ड्रमर आकडे मोजतो म्हणून चुकतो. सात म्हणजे रूपक: ती ती ना, धी ना, धी ना. पाच म्हणजे झपतालाचा अर्धा: धी ना, धी धी ना. ठेका तोंडात बसला की मोजावं लागत नाही. वाद्यं बाजूला ठेवून तिघांनी आधी हातावर टाळी धरून म्हणावं.

काठी_आणि_कातडं

विलंबितकाकांचं म्हणायला लावणं शंभर टक्के बरोबर, पण हे ठेके इथे घेतले तर ड्रमर आणखी गोंधळेल. रूपक तीन-दोन-दोन आहे आणि ही रिफ दोन-दोन-तीन. झपतालाचा अर्धा दोन-तीन आहे आणि हिचा पाच तीन-दोन. दोन्ही नेमके उलटे. शिवाय रूपक सातावर फिरत राहतो. इथे तीन फेऱ्यांनंतर घेरच बदलतो.

तुमच्या वर्णनातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे 'नेहमी एक एट्थ उशिरा'. मोजणी ढिली असती तर तो कधी लवकरही आला असता. आता बारच्या रेघा विसरा आणि नुसते गट सलग लिहा:

२ २ ३ २ २ ३ २ २ ३ ३ २

शेवटून बघा. तिसऱ्या साताचा तीन आणि पाचातला तीन एकमेकांना चिकटून आले आहेत. इतका वेळ तीन आला की पुढे दोन यायचा, इथे पहिल्यांदाच लागोपाठ दोन तीन येतात. कानाला तिथे सहाची झुलती चाल लागल्यासारखं वाटतं, हात तिसऱ्या तीनची वाट बघतो आणि शेवटच्या दोनाचा तीन करून टाकतो. तोच तुमचा उशिराचा एट्थ. एकट्याने वाजवताना बारच्या पहिल्या ठोक्याची क्लिक त्याला ओढून जागेवर आणते. गिटारच्या आवाजात ती क्लिक दबते आणि तो कानावर जातो.

रिफला हात न लावता रेघा हलवा:

२ २ ३ | २ २ ३ | २ २ | ३ ३ २

सात, सात, चार, आठ. बेरीज तीच, सव्वीस. पण आता शेवटचा तुकडा तीन-तीन-दोन आहे, म्हणजे साध्या ४/४ चा एक बार. ही चाल प्रत्येक ड्रमरच्या हातात आधीपासून असते, ती शिकवावी लागत नाही. म्हणायचं असं: तक तक तकिट, तक तक तकिट, तक तक, तकिट तकिट तक. आधी ९० वर, वाद्यांशिवाय.

मग क्लिकमधले जोर काढून फक्त क्वार्टर ठेवा. एका फेरीत १३ क्लिक बसतात. पहिल्या साताचे तिन्ही जोर क्लिकवर पडतील, दुसऱ्याचे तिन्ही क्लिकच्या मधोमध, तिसऱ्याचे पुन्हा क्लिकवर. दुसरा बार उलटा लागला म्हणून थांबू नका, तो तसाच हवा. सव्वीस सम असल्यामुळे प्रत्येक फेरीचा पहिला सूर क्लिकवरच यायला हवा. तो दोन क्लिकच्या मध्ये पडला तर एक एट्थ वाढला किंवा गळाला, हे त्याच क्षणी कळतं, रेकॉर्डिंगची वाट बघावी लागत नाही.

विलंबित

मान्य. मी सातचा आकडा पाहिला, आतली तोड पाहिली नाही. मात्र रूपक चौथ्या मात्रेपासून उचलला तर धी ना, धी ना, ती ती ना होतो, म्हणजे तुमचा दोन-दोन-तीन. ज्याला रूपक येतो त्याला हे सोपं पडेल.

तिरका_ठोका

काठीभाऊंचं निदान पटलं, उपाय पूर्ण पटला नाही. ड्रमरने गिटारचा प्रत्येक जोर धरलाच पाहिजे असं का? पिट्सबर्गच्या डॉन कॅबालेरो या बँडचा २००० सालचा 'अमेरिकन डॉन' हा अल्बम ऐका. त्यांचा ड्रमर डेमन चे तिथे गिटारच्या मागे मागे जात नाही, ड्रमची स्वतःची चाल चालते. इथेही क्वार्टरवर किक-स्नेअर-किक-स्नेअर असा सरळ ठेका धरता येईल. तेरा विषम असल्याने दुसऱ्या फेरीत किकच्या जागी स्नेअर येईल आणि दोन फेऱ्यांनी सगळं मूळ जागी. तीच रिफ दोनदा वाजते आणि दोनदा वेगळी लागते. ३-३-२ वर सगळे एकत्र आदळले तर शेवट फार ओळखीचा होईल, मॅथ रॉकचा काटा जाईल.

काठी_आणि_कातडं

ऐकायला सुंदर लागेल, यात वाद नाही. पण ज्याचा हात शेवटी घसरतोय त्याला आज सरळ ठेका दिला तर घसरलेलं कळणारही नाही, कारण त्याचा ठेका तर चालूच राहील आणि गिटार मात्र एका एट्थने पुढे गेलेली असेल. आधी गट अंगात, मग त्यावर सरळ ठेका.

सहावी_तार

रविवारच्या प्रॅक्टिसला तिघांनी आधी नुसतं म्हटलं. ड्रमरला ३-३-२ दाखवल्यावर तो लगेच म्हणाला, "हेच मला ऐकू येत होतं, मी ते नऊपर्यंत नेत होतो." ९० वर आणि ११० वर आता सुटत नाही. १४० वर अजून कधीतरी पहिला सूर क्लिकच्या मध्ये पडतो, पण आता आम्ही तिथल्या तिथे थांबतो.

नवा प्रश्न मात्र निघाला. आमची दुसरी गिटारवाली टॅपिंगचा एक तुकडा वाजवते, तो ५/८ च्या पहिल्या सुरावर सुरू होतो. जुन्या रेघांप्रमाणे ती बारच्या सुरुवातीला यायची, नव्या रेघांत ती आठाच्या चौथ्या एट्थवर येते. ती म्हणते, मला जुन्याच रेघा बऱ्या. दोघांनी वेगवेगळ्या रेघा मनात धरून वाजवलं तर चालतं का?

तिरका_ठोका

आमच्या बँडमध्ये चालतं. फक्त फेरीचा पहिला सूर दोघांचा एकच असला पाहिजे, आणि तो तुमच्याकडे आहेच.

काठी_आणि_कातडं

रिफ चालू असेपर्यंत चालेल. रिफमधून पुढच्या भागात उडी कुठून मारता, त्यावर अवलंबून आहे. मधूनच बाहेर पडत असाल तर दोघं दोन वेगळ्या जागी 'एक' धरून बसतील. पुढचा भाग कसा आहे ते लिहा.