उत्तर: मे महिन्याची तेजी आणि चार-पाच वर्षांची मंदी

> "जळगावात आमचं कूलरचं दुकान आहे. दर मे महिन्यात विक्री वाढते, आणि चार-पाच वर्षांनी मंदीही येते. दोन्ही परत येतात, मग दोन्ही हंगामीच ना?"

नाही. हंगामी बदल वर्षाच्या आत पुरा होतो आणि कॅलेंडरला बांधलेला असतो. तुमच्या मंदीला ठरलेली तारीख नाही, कधी चार वर्षांनी, कधी पाच. ती चक्रीय.

सलग बारा महिन्यांची सरासरी काढून बघा. समजा अकरा महिने २० कूलर आणि मेमध्ये ८० गेले, तर बेरीज ३०० आणि सरासरी २५. एक महिना पुढे सरका, दोन सरका, प्रत्येक बारा महिन्यांत एक मे येतोच, म्हणून सरासरी २५च राहते. हंगाम पुसला गेला. त्यानंतरही सरासरी २५ वरून ३२ वर आणि पुन्हा २४ वर गेली, तर ती लाट चक्रीय. लाटांमधूनही वर्षानुवर्षं वर सरकत राहिली, तर ती दीर्घकालीन प्रवृत्ती.

एखाद्या मेमध्ये अवकाळी पावसाने विक्री पडली, तर ते अनियमित.

तीन-चार वर्षांच्याच वहीवर मात्र हे करू नका. अर्धी लाट हमखास प्रवृत्तीसारखी दिसते. परीक्षेत मीही तिथेच फसलो होतो.