ऑडिओग्राम नॉर्मल, पण हॉर्न कुठून वाजला ते कळत नाही: तक्रार खरी मानायची का?

सायली_क: माझ्या बहिणीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. ऑडिओग्राम अगदी नॉर्मल. तरी चौकात रिक्षाचा हॉर्न ऐकून ती भलतीकडेच बघते. घरचे म्हणतात, "ऐकू येतं तर दिशाही कळायलाच हवी, तुझं लक्ष नसतं." तुमचं मत?

घाटमाथा: घरच्यांचं अगदीच चुकत नाहीये. ज्या कानाला आवाज मोठा, त्या बाजूला तो. दोन्ही कान ठीक असतील तर तुलना आपोआप होते. एमएसमध्ये थकवा येतो, त्यामुळे लक्ष उडतं. कानामागे लागू नका.

श्रवणवेध: मी ऑडिओलॉजीत काम करते आणि मला हे मत घातक वाटतं. ऑडिओग्राममध्ये हेडफोन लावून एका वेळी एकाच कानात सूर देतात आणि "ऐकू आला का?" एवढंच विचारतात. दोन्ही कानांची तुलना त्यात कुठेच होत नाही. दिशेचं काम तपासलंच नाही, तर ते नॉर्मल कसं म्हणायचं?

लहान-मोठ्या आवाजाचं गणित फक्त उंच सुरांना लागू पडतं. ५०० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी ६८-६९ सेंमी, म्हणजे डोक्यापेक्षा कितीतरी मोठी. असा आवाज डोक्याला वळसा घालून दुसऱ्या कानापर्यंत जवळजवळ तेवढाच पोचतो. तिथे उपयोगी पडतो तो वेळेतला फरक. डोक्याची त्रिज्या पावणेनऊ सेंमी धरली, तर ४५ अंशांवरचा आवाज लांबच्या कानाला साधारण ३८० मायक्रोसेकंद उशिरा पोचतो. अगदी बाजूचा असला तरी ६५० च्या आसपास. शांत खोलीत सरावलेला माणूस १०-२० मायक्रोसेकंदांचा फरकही ओळखतो.

हा हिशेब कॉर्टेक्समध्ये नाही, ब्रेनस्टेमच्या खालच्या भागात, पॉन्समध्ये होतो. तिथल्या मीडियल सुपिरियर ऑलिव्हमधल्या पेशींना दोन बाजूंना फांद्या असतात, एका बाजूला उजव्या कानाचा निरोप येतो, दुसऱ्या बाजूला डाव्याचा. दोन्ही एकाच क्षणी आले की पेशी जोरात पेटते. निरोप वेळेवर पोचायला मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण शाबूत लागतं, आणि एमएस नेमकं त्यावरच घाला घालतो. लक्षाचा संबंध या टप्प्यावर येतच नाही.

घाटमाथा: पटत नाही. मज्जातंतूचा एक स्पंद जवळजवळ एक मिलिसेकंद टिकतो. म्हणजे तुमच्या ६५० पेक्षा जास्तच. मग त्यातून १० मायक्रोसेकंद मोजणार कोण?

श्रवणवेध: चांगला प्रश्न. स्पंद किती टिकतो याला महत्त्व नाही, तो सुरू कधी होतो याला आहे. या पेशी आलेला विद्युतभार फार झपाट्याने सोडून देतात, म्हणून जरा मागेपुढे आलेल्या दोन निरोपांची बेरीजच होत नाही. शिवाय उत्तर एका पेशीचं नसतं, अनेकींचं मिळून असतं. मायलिन गेलं की निरोप उशिरा येतो, आणि दर वेळी वेगळ्या उशिराने येतो. ठरलेला उशीर मेंदू कदाचित सांभाळून घेईल, पण रोज नव्हे, क्षणाक्षणाला बदलणारा कसा सांभाळणार?

पिंगळा: यात एक वाद बाकी आहे. १९४८ मध्ये जेफ्रेस या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की लांब-आखूड तंतूंमुळे प्रत्येक पेशीला आपापली दिशा मिळते. गव्हाणी घुबडात तसं सापडलंही. पण जर्बिलसारख्या सस्तन प्राण्यांत पुष्कळ पेशी वेळेच्या ज्या फरकाला सर्वांत जोरात पेटतात, तो डोक्याच्या आकाराला शक्य असलेल्या फरकाच्या बाहेर पडतो. म्हणून काही जण म्हणतात, दिशा ठरते ती डाव्या-उजव्या गटांच्या जोराच्या तुलनेतून. माणसात नेमकं काय, यावर अजून एकमत नाही.

एककर्णी: मला लहानपणी गालगुंडानंतर एका कानाने ऐकू येईनासं झालं. मलाही हॉर्नची दिशा कळत नाही. ऐकणाऱ्या कानाकडूनच आला असं वाटतं. बहिणीला मशीन लावून बघा.

श्रवणवेध: तुमचा त्रास खरा आहे, पण तुमच्याकडे तुलनेला दुसरा निरोपच नाही. तिच्याकडे दोन्ही येतात, जुळत नाहीत. मशीन आवाज मोठा करेल, वेळ दुरुस्त करणार नाही.

सायली_क: पण रिक्षाच्या हॉर्नमध्ये उंच सूरही असतातच ना? तेवढ्यावर तरी कळायला हवं.

श्रवणवेध: हवं, आणि बऱ्याच एमएस रुग्णांत आवाजाच्या पातळीचा फरक वेळेपेक्षा जास्त टिकतो. ते काम शेजारच्या लॅटरल सुपिरियर ऑलिव्हचं. जवळचा कान तिला चेतवतो, लांबचा मधल्या एका केंद्रामार्फत दाबतो. पण तो दाबणारा निरोपही पॉन्समधूनच पलीकडे जातो, त्यामुळे जखम तिथे असेल तर दोन्ही हिशेब बिघडू शकतात. चौकात भिंतींचे प्रतिध्वनी असतात, तेही भर घालतात. दोन्ही कानांत टिकटिक देऊन एका बाजूला थोडा उशीर ठेवतात आणि "डोक्यात कुठे वाटते?" विचारतात, अशी चाचणी कुठे होते ते शोधा. उशीर वाढवूनही टिकटिक डोक्याच्या मधोमधच वाटत राहिली, किंवा उशीर नसताना एका कडेला गेली, तर तक्रारीला पुरावा मिळाला. सोबत बेरा, म्हणजे आवाजाला ब्रेनस्टेमकडून येणारा विद्युत प्रतिसाद मोजणारी चाचणी, करून पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या लहरींमधली अंतरं बघा.

घाटमाथा: बेरा नॉर्मल आला तर मानाल का, की लक्षाचाच प्रश्न आहे?

श्रवणवेध: नाही. बेरामध्ये हजारो तंतूंचा एकत्रित प्रतिसाद दिसतो, छोटी जखम त्यात निसटू शकते. बिघडलेला आला तर बाजू भक्कम होते, नॉर्मल आला तर प्रश्न उघडाच राहतो.

सायली_क: दुपारच्या उन्हात तिचा गोंधळ जास्त होतो, सकाळी कमी. हे सांगायचं राहिलं होतं.

घाटमाथा: हा तर थकवाच झाला.

श्रवणवेध: मायलिन गेलेल्या तंतूत उष्णतेने वहन आणखी अडतं, हेही तितकंच खरं. म्हणून चाचणी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा करून घ्या.