मदत हवी आहे: एकाच माणसाच्या जेवणानंतरच्या साखरेत आंबा, केळे आणि पेरू यांमुळे इतका फरक का पडतो?

म्हापशेकर
नमस्कार मंडळी. माझे वडील ६६ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. ते दोन वेळा मेटफॉर्मिन घेतात. इन्सुलिन किंवा दुसरी कोणतीही गोळी चालू नाही. डॉक्टरांनी ‘फळे बेताने खा’ एवढेच सांगितल्यामुळे, कोणते फळ आपल्याला चालते हे बाबांनी ग्लुकोमीटरवर स्वतःच तपासायला घेतले आहे. त्यांच्या वहीतील काही नोंदी खाली देते. पहिला आकडा खाण्यापूर्वीचा आणि दुसरा दोन तासांनंतरचा आहे.

दुपारचे जेवण (उकड्या तांदळाचा भात, माशाचे हुमण, भाजी), फळ नाही: ११८, १७२
तेच जेवण आणि एक मानकुराद आंबा: १२४, २२१
सकाळी पोहे आणि एक रसबाळी केळे: १४१, २१९
चार वाजता नुसता पेरू: १३२, १३९
चार वाजता नुसता मानकुराद: १२९, १५१

यावरून बाबांनी असा निष्कर्ष काढला आहे की केळे पूर्ण बंद करावे, आंबा फक्त चार वाजता खावा आणि पेरू मनसोक्त खावा. शुक्रवारच्या बाजारातून आता पिशवीभर पेरू येऊ लागले आहेत. मला हा निष्कर्ष पटत नाही, पण नेमके काय चुकते आहे तेही सांगता येत नाही. एकच आंबा जेवणानंतर ९७ने साखर वाढवतो आणि चार वाजता फक्त २२ने, हे कसे?

साखळीची आजी
बाळ, मधुमेह असलेल्याने आंबा खाऊच नये, हे आमच्या वेळचे वैद्य सांगत असत. जांभळाच्या बिया सावलीत वाळवून त्यांची पूड सकाळी पाण्याबरोबर द्यावी. आमच्या शेजाऱ्यांना तिचा गुण आला.

म्हापशेकर
आजी, आपुलकीने सांगितलेत, आभारी आहे. मात्र आंबा खावा की नाही हा माझा प्रश्न नाही. त्याच माणसाचे आकडे फळागणिक इतके का बदलतात, हे मला समजून घ्यायचे आहे.

फोंडेकर
उत्तर सोपे आहे. फळांतली साखर ही फ्रुक्टोज असते आणि ग्लुकोमीटर फक्त ग्लुकोज मोजतो. म्हणजे जेवणानंतरचे २२१ हे सगळे भाताचे आहेत, आंब्याचा त्यात काहीही संबंध नाही. भात बंद करा आणि आंबा निर्धास्त खा.

आहारतज्ज्ञ, मडगाव
फोंडेकरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ग्लुकोमीटर फ्रुक्टोज दाखवत नाही, हे खरे. परंतु पिकलेल्या आंब्यातील बरीचशी साखर आपल्या घरच्या साखरेच्याच जातीची, म्हणजे सुक्रोज असते. आतड्यात तिचे विघटन होऊन निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज मिळते, आणि त्यातले ग्लुकोज मीटरवर दिसल्याखेरीज राहत नाही. उरलेले फ्रुक्टोज यकृताकडे जाते. ते मीटरवर दिसत नाही म्हणून हिशेबात धरायचे नाही असे नव्हे, कारण त्याचा अतिरेक झाला तर रक्तातील ट्रायग्लिसराइड्स वाढू शकतात.

आता बाबांच्या वहीकडे वळते. या नोंदींमध्ये फळांची तुलना झालेलीच नाही. केळे सकाळी पोह्यांबरोबर खाल्ले गेले, पेरू दुपारी चार वाजता नुसता. सकाळच्या वेळी अनेक मधुमेहींच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, त्यामुळे तेवढ्याच पदार्थाने साखर अधिक चढते. शिवाय पोह्यांची वाढ त्यात मिसळलेली आहे. पोहे-केळे एकीकडे आणि नुसता पेरू दुसरीकडे ठेवून केळ्याला दोषी ठरवणे म्हणजे एका पारड्यात पोते आणि दुसऱ्यात पिशवी ठेवण्यासारखे आहे.

चार वाजताच्या आंब्याचे १५१ पाहून मात्र मी अधिक सावध होईन. नुसते फळ खाल्ले तर साखर लवकर चढते, साधारण पाऊण ते एक तासात टोक गाठते आणि दोन तासांपर्यंत बरीचशी उतरलेली असते. जेवणाबरोबर खाल्ले तर तेल, मासे, भाजी यांमुळे पोट सावकाश रिकामे होते आणि टोक पुढे सरकते. दोनच तासांनी मोजणाऱ्याला पहिल्या प्रकारातला चढ दिसतच नाही, दुसऱ्या प्रकारातला दिसतो. त्यामुळे चार वाजताचा आंबा ‘चांगला’ वाटतो. एका तासानेही एकदा मोजून पाहा. तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे.

दोन गोष्टी विचारते. आंबा, केळे आणि पेरू यांचे साल-कोय काढून वजन किती होते? आणि मोजण्यापूर्वी बाबांचे हात कशात असतात?

वास्कोचा निवृत्त खलाशी
माझा अनुभव सांगतो. मुलाने माझ्या दंडावर पंधरा दिवस चालणारा सेन्सर लावला होता. रिकाम्या पोटी हापूस खाल्ला तेव्हा पाऊण तासात साखर २१०च्या पुढे गेली आणि दोन तासांनी १४०च्या आसपास होती. बोटातून तपासले असते तर मी खूशच झालो असतो. टरबुजाने मात्र मला काहीच होत नाही. म्हणजे टरबूज सगळ्यांनी खावे.

आहारतज्ज्ञ, मडगाव
काका, पहिला भाग म्हापशेकरांच्या प्रश्नाला अगदी जुळणारा आहे. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे तो रक्ताच्या थोडा मागे चालतो. पण चढ-उताराची आकृती त्याच्यात छान दिसते. टरबुजाचे मात्र सर्वांना लागू करू नका. त्यात पाणी भरपूर आणि १०० ग्रॅमला साधारण ८ ग्रॅम कर्बोदके असल्यामुळे दोन फोडींनी फारसे बिघडत नाही, पण अर्धे टरबूज संपवले तर तेही आंब्याच्या पंक्तीला जाऊन बसते.

म्हापशेकर
वजने केली. मानकुरादाचा गर १५० ग्रॅम भरला, सोललेले केळे ९० ग्रॅम आणि पेरू १२० ग्रॅम. हातांबद्दल विचारल्यावर आई हसली. मुलांना सुट्टी असल्यामुळे दुपारी साडेतीनला बाबा नातवंडांसाठी आंबे कापतात, आणि जेवणानंतरचे दोन तास नेमके तेव्हाच भरतात. बोट स्पिरिटच्या कापसाने पुसून ते लगेच टोचतात. काल त्यांना आंबे कापल्यावर नेहमीप्रमाणे मोजायला सांगितले, मीटरने २३६ दाखवले. मग साबणाने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या हाताच्या बोटातून लगेच मोजले, तर १८७ आले.

आहारतज्ज्ञ, मडगाव
पट्टीला रक्ताचा अगदी बारीक थेंब पुरतो, त्यामुळे बोटावर राहिलेला आंब्याचा किंचित रसही आकडा फुगवायला पुरेसा होतो. स्पिरिटच्या कापसाने तो रस नीट निघेल याची खात्री नसते. त्याला वाहते पाणी आणि साबणच लागतो. फळ हाताळल्यावर आकडा अनपेक्षितपणे मोठा आला, तर तुम्ही केलेत तसेच करावे. तुमच्या वहीतल्या २२१ मध्ये आंबा किती आणि बोट किती, हे आता सांगता येणार नाही, म्हणून ती नोंद सोडून द्या.

आता समान मापाने पाहू. साधारण १५ ग्रॅम कर्बोदके १०० ग्रॅम आंब्याच्या गरात मिळतात, तर केळ्यात ती ६५ ते ७० ग्रॅममध्येच मिळतात. पेरूत तंतू जास्त असल्यामुळे दीडशे ग्रॅमपर्यंत खावे लागते. जेवण तेच, भात वाटीने नव्हे तर वजनाने तेवढाच, जेवणानंतरची शतपावली तेवढीच, आणि दर वेळी एकच फळ. आधी, एका तासाने आणि दोन तासांनी मोजा. एक दिवस फळाविना ठेवा. फळाचा परिणाम म्हणजे त्या दिवसापेक्षा जेवढे अधिक चढले तेवढाच.

म्हापशेकर
उशिरा लिहिते आहे, कारण मध्ये बाबांना सर्दी-ताप होता आणि त्या दिवसांत आकडे उगाच चढलेले होते. आता धुतलेल्या हातांनी, त्याच दुपारच्या जेवणाबरोबर आलेल्या नोंदी अशा आहेत (आधी, एक तास, दोन तास):

फळ नाही: ११७, १७१, १६८
मानकुराद १०० ग्रॅम: १२१, १८९, १७६
पेरू १५० ग्रॅम: १२२, १७८, १७०
रसबाळी ६५ ग्रॅम: ११९, १९७, १७४
रसबाळी ६५ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी: १२०, १७३, १६९

बाबा केळ्यावर अडून बसले आहेत. ‘बघ, १९७,’ म्हणतात. १७३कडे बघायलाच तयार नाहीत.

आहारतज्ज्ञ, मडगाव
त्यांना हे दाखवा की एकाच केळ्याच्या दोन दिवसांतला फरक २४ आहे, आणि आंबा व पेरू यांच्यातला फरक एका तासाला अवघा ११. घरगुती मीटरच्या मानकानुसार १०० किंवा त्यापुढचा आकडा खऱ्या मूल्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर-खाली असला तरी मीटर स्वीकारार्ह धरला जातो. म्हणजे खरी साखर १८० असताना १५३ किंवा २०७ दिसू शकते. तेव्हा या नोंदींवरून फळांची उतरंड लावता येत नाही. एवढे मात्र दिसते की माप सारखे केल्यावर आंब्याची दहशत बरीच ओसरली, आणि पेरूचे कौतुक करताना तो लहान होता हेही लक्षात ठेवायला हवे. तीन मोठे, मऊ पिकलेले पेरू खाल्ले, तर तेही हिशेबात येतातच. आणि रस गाळून घेतला तर तंतूंचा फायदा जातो.

दोन्ही केळी सारखीच पिकलेली होती का?

म्हापशेकर
पहिल्याच्या सालीवर काळे ठिपके आले होते. दुसरे पिवळे होते, पण देठाकडे थोडे हिरवट.

आहारतज्ज्ञ, मडगाव
कच्च्या केळ्यात पिष्ट जास्त असते आणि त्यातला काही भाग लहान आतड्यात पचतच नाही. पिकताना त्याची साखर होते. त्यामुळे ठिपकेवाल्या केळ्याने अधिक चढवले असणे शक्य आहे. पण दोनच नोंदींवर ते मी खात्रीने सांगणार नाही, कारण झोप, चालणे आणि मीटर यांनीही एवढा फरक पडतो. पिकण्याच्या प्रत्येक अवस्थेसाठी किमान तीन दिवस तरी लागतील.

तोपर्यंत जेवणाबरोबर १०० ग्रॅम आंबा घ्यायचा असेल तर शिजलेला भात साधारण ५० ग्रॅम कमी करून पाहा. कर्बोदकांचा हिशेब जवळपास जुळतो. दोन तासांचा आकडा वारंवार १८०च्या वर राहू लागला, तर वही डॉक्टरांना दाखवा आणि गोळीचा निर्णय त्यांच्यावर सोपवा.

फोंडेकर
म्हणजे भातच कमी करायचा. मी तेच तर म्हणत होतो.

म्हापशेकर
तुम्ही भात बंद करा म्हणाला होतात, फोंडेकरदादा. बाबांच्या घरात तो प्रस्ताव मांडण्याची माझी हिंमत नाही. केळ्यांच्या पुढच्या नोंदी आल्या की इथेच टाकते. दरम्यान कोणी मोयऱ्याच्या केळ्यांवर मोजून पाहिले आहे का? ती बाबांना शिजवून खायला आवडतात, आणि शिजवल्याने आकड्यात काय फरक पडतो हे जाणून घ्यायचे आहे.