मदत हवी आहे: हॉटस्पॉटवरून ६.६ जीबीचा व्हिडिओ ड्राइव्हवर चढतच नाही

शर्वरी_धायरी

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी गटाच्या दीर्घांकाचं रेकॉर्डिंग एका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी पाठवायचं आहे. गूगल ड्राइव्हवर टाकून रविवारी रात्रीपर्यंत लिंक द्यायची. अट एवढीच की व्हिडिओ १०८० चा आणि एमपी४ हवा.

फाइल ५२ मिनिटांची, ६.६ जीबी. ट्रायपॉडवर फोन लावून एका दमात शूट केलंय. आम्ही धायरीत नव्या सोसायटीत आलोय, इथे फायबर अजून पोचलेलं नाही. विचारलं की "पुढच्या आठवड्यात ताई" हे ठरलेलं उत्तर. तोवर सगळा कारभार फोनच्या हॉटस्पॉटवर. रोजचा २ जीबी डेटा. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड ३० च्या पुढे दाखवतं, अपलोड मात्र जेमतेम २ एमबीपीएस.

लॅपटॉपवर क्रोममधून अपलोड लावते. २७-२९ टक्क्यांपर्यंत छान जातं, मग रांगतं, मग 'Upload failed'. पुन्हा लावलं की शून्यापासून. एकदा तर १२ टक्क्यांवरच मेलं. काय करू?

बालगंधर्व_पुलावरून

ताई, रील टाकताना मलाही हाच त्रास व्हायचा, व्हिडिओ एकदम धुरकट दिसायचा. सेटिंगमध्ये जाऊन 'Upload at highest quality' चालू करा, फरक पडेल.

शर्वरी_धायरी

दादा, धुरकट दिसायला आधी तो वर जायला हवा ना.

कोथरूडचा_काका

सेव्हन-झिपने फाइलचे ५००-५०० एमबीचे तुकडे करा आणि एकेक चढवा. एखादा फसला तर तेवढाच पुन्हा. मी ऑफिसच्या बॅकअपला कायम हेच करतो. झिप झाल्यामुळे साइजही बरीच कमी होईल.

रात्रपाळी

काकांचं पहिलं वाक्य बरोबर, शेवटचं नाही. एमपी४ आतून आधीच पिळून काढलेली असते, झिप करून फार तर चिमूटभर कमी होईल. आणि परीक्षकांना चौदा तुकडे उतरवून जोडायला लावलंत तर ते पहिला अंकसुद्धा बघायचे नाहीत.

शर्वरीताई, दोन गोष्टी सांगा. अपलोड अडकतं तेव्हा फोनमध्ये त्या दिवसाचा डेटा वापर किती दिसतो? आणि अडकल्यावर बाकीचं नेटही रांगतं का?

शर्वरी_धायरी

आत्ताच बघितलं. आज १.९८ जीबी. आणि हो, व्हॉट्सॅपवरचा साधा फोटोसुद्धा उघडत नाहीये. हा मेसेज आईच्या फोनवरून टाकतेय.

रात्रपाळी

मग रोग सापडला. ६.६ जीबीचे २९ टक्के म्हणजे १.९ जीबी. तुमची फाइल तिथे फसत नाही, तुमचा दिवसाचा कोटा तिथे संपतो. अपलोडसुद्धा कोट्यातूनच कापला जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कोटा संपला की नेट बंद पडत नाही, बहुतेक प्लॅनमध्ये ते ६४ केबीपीएसवर येतं. म्हणून ते तुम्हाला आधी रांगताना दिसतं आणि मग मरतं.

ड्राइव्हला फाइल अखंड जात नाही, तुकड्यातुकड्याने जाते. ८ एमबीचा एक तुकडा २ एमबीपीएसला अर्ध्या मिनिटात जातो. ६४ केबीपीएसला त्याच तुकड्याला सतरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ समोरचा सर्व्हर किंवा ब्राउझर वाट बघत नाही, जोडणी तोडतो. तुम्ही वैतागून टॅब रिफ्रेश केली की आधी गेलेल्या १.९ जीबीचा धागा सुटतो आणि दुसऱ्या दिवशीचा कोटा पुन्हा त्याच पहिल्या २९ टक्क्यांवर खर्च होतो. असं महिनाभर केलंत तरी फाइल पोचणार नाही.

म्हणून आधी फाइल एका दिवसाच्या कोट्यात बसवायची. फोन शूट करताना फुल एचडीला मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास खर्च करतो, कारण त्याला घाईत, चालू शूटिंगमध्येच दाबायचं असतं. तुमचा कॅमेरा जागचा हललेला नाही, नेपथ्य तेच, फक्त माणसं हलतायत. लॅपटॉपने सवकाश दाबलं तर १०८० ठेवूनही फाइल बरीच लहान होईल.

थेट ५२ मिनिटांवर प्रयोग करू नका. ffmpeg हा व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम उतरवून घ्या आणि मधलं एक मिनिट काढून बघा:

```
ffmpeg -ss 00:20:00 -t 60 -i natak.mp4 -c:v libx264 -crf 23 -preset medium -c:a copy namuna.mp4
```

त्या मिनिटाची जी साइज येईल तिला ५२ ने गुणा. शक्यतो भरपूर हालचाल असलेलं मिनिट निवडा, म्हणजे अंदाज कमी पडणार नाही. आणि स्पीड टेस्ट सारखी करू नका, ती स्वतःच एका वेळी कितीतरी एमबी खाते.

मुळशीचा_कॅमेरावाला

मध्येच घुसतोय, माफी. माझी लग्नं असतात, एकेक ४०-५० जीबी. पौडच्या पुढे रेंजची बोंब. ही कमांड मलाही चालेल का?

रात्रपाळी

तुम्हाला नाही चालणार. तुमचा एडिटर कच्चा माल मागत असणार, तो दाबून दिला तर रंग दुरुस्त करताना तो तुमच्या नावाने शिव्या घालेल. ४८ जीबी २ एमबीपीएसने न थांबता पाठवायला सव्वादोन दिवस लागतात, कोटा वेगळाच. हार्ड डिस्क घेऊन गाडी काढा, मुळशीहून पुण्यात दीड तासात पोचाल. त्यापेक्षा जलद अपलोड तुमच्याकडे नाही.

पडद्यामागे

प्रकाशयोजना करतो म्हणून बोलतो. नाटकाला `-crf 23` नको, २० ठेवा, आकडा जितका लहान तितकं चित्र स्वच्छ. अंधाऱ्या प्रसंगात चेहऱ्यांवर चौकोन पडतात, मागच्या काळ्या पडद्यावर पायऱ्या दिसायला लागतात. परीक्षक अभिनय बघणार आहेत की लुडोचा पट?

शर्वरी_धायरी

दोन्ही करून बघितलं. २३ ला ते मिनिट २४ एमबी आलं, २० ला ३५ एमबी. म्हणजे पूर्ण फाइल सव्वा जीबी किंवा १.८ जीबी. २३ च्या नमुन्यात काळोखाच्या प्रसंगात पडदा जरा वळवळतो, हे खरं आहे.

रात्रपाळी

तो वळवळणारा दाणा फोनच्या कॅमेऱ्याचा आहे. कमी प्रकाशात सेन्सर जी रवाळ खरखर उमटवतो ती दर फ्रेमला बदलते, आणि दाबणारा तिलाच हालचाल समजून सगळा डेटा तिच्यावर उधळतो. ती आधी थोडी पुसून घ्या. कमांडमध्ये `-crf 23` च्या आधी `-vf hqdn3d=2` घाला. पडदा शांत होईल आणि साइजही उतरेल. जास्त आकडा दिलात तर चेहरे मेणाचे दिसतील, तेव्हा दोनच्या वर जाऊ नका.

पडद्यामागे यांचा मुद्दा मान्य आहे, हाताशी फायबर असतं तर मीही २० म्हटलं असतं. पण २ जीबीच्या कोट्यात १.८ ची फाइल म्हणजे घरातल्या कुणी एक क्रिकेटची क्लिप बघितली की खेळ खलास. शिवाय अधूनमधून फसलेले तुकडे पुन्हा जातात, त्यांचाही डेटा मोजला जातो. थोडी जागा मोकळी हवी.

पडद्यामागे

मेणाचे चेहरे नकोत एवढंच म्हणणं आहे. अंधाराचा प्रसंग पूर्ण पडद्यावर बघून मगच ठरवा, लॅपटॉपच्या छोट्या खिडकीत सगळंच बरं दिसतं.

शर्वरी_धायरी

`hqdn3d=2` ने तेच मिनिट २१ एमबी आलं आणि पडदा जागचा राहिला. अंधाराचा प्रसंगही मोठा करून बघितला, डोळे-ओठ नीट दिसतात. मग कमांडमधलं `-ss 00:20:00 -t 60` काढून पूर्ण फाइल `natak_lahan.mp4` नावाने रात्री लावून ठेवली होती, १.१ जीबी झाली. आता चढवायची कशी? पुन्हा क्रोममधूनच?

रात्रपाळी

क्रोमनेही जाईल कदाचित, पण टॅब गेली की सगळं गेलं. मी असल्या नेटवर `rclone` वापरतो. `rclone config` चालवलं की ते प्रश्न विचारत जातं, ड्राइव्ह निवडायचं, ब्राउझरमध्ये लॉगिन करायचं, आणि नाव `drive` द्यायचं. मग:

```
rclone copy natak_lahan.mp4 drive: -P --drive-chunk-size 8M --low-level-retries 50
```

नेट मिनिटभर गेलं तर हे अडकलेला तुकडाच पुन्हा पाठवतं, मागचं राहतं तसंच राहतं. मात्र लॅपटॉप बंद केलात किंवा झोपू दिलात तर यालाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा चार्जर लावा, स्लीप बंद करा.

वेळ रात्री बाराच्या पुढची घ्या, पण आधी फोनवर कोटा नवा झालाय का ते बघा. काही प्लॅनमध्ये बाराच्या ठोक्याला होत नाही, थोडं इकडेतिकडे होतं. १.१ जीबी २ एमबीपीएसने साधारण सव्वा तासाचं काम आहे.

त्याआधी फोन खिडकीत ठेवून केबलने टेदरिंग करा आणि विंडोजमध्ये त्या केबलच्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'Metered connection' चालू करा, नाहीतर अपडेट गुपचूप उतरायला लागेल. खिडकी कशासाठी ते सांगतो. टॉवर गच्चीवरून ओरडतो तो तुम्हाला आतल्या खोलीतही ऐकू येतो, पण तुमच्या फोनचा आवाज बारीक, तो भिंतीतच मरतो. डाउनलोड ३० आणि अपलोड २ यामागे बरंचसं हेच आहे.

कोथरूडचा_काका

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे या ना, फायबर आहे, चहाही मिळेल. आणि माझ्या तुकड्यांना नावं ठेवलीत तरी तुमचं ते `rclone` तेच करतंय!

रात्रपाळी

काका, करतंय तेच, पण पलीकडे जोडूनही देतंय.

शर्वरी_धायरी

चढली! खिडकीत ठेवल्यावर अपलोड साडेतीनच्या आसपास गेलं, तासाच्या आत काम झालं. फोनचा डेटा १.१ पेक्षा थोडासाच जास्त दाखवतोय. काका, चहाला तरीही येईन.

आता ड्राइव्हवर व्हिडिओ उघडला की 'processing' म्हणतं आणि चालतच नाही. पुन्हा चढवावी लागेल का?

आणि ते एकदाचं १२ टक्क्यांवरचं मरण कशामुळे होतं? त्या दिवशी कोटा नक्की शिल्लक होता.

रात्रपाळी

पुन्हा अजिबात चढवू नका. फाइल पूर्ण पोचलेली आहे, ड्राइव्ह फक्त ब्राउझरमध्ये दाखवण्याजोग्या तिच्या प्रती बनवतंय. लांब व्हिडिओला कधी काही तास लागतात. तोवर डाउनलोड करून बघता येतं, परीक्षकांनाही. शेअरिंगमध्ये 'Anyone with the link' केलंय ना ते मात्र लॉगिन नसलेल्या खिडकीतून तपासा, नाहीतर रविवारी रात्री परवानगी मागणारे मेल येतील.

१२ टक्क्यांचं इथून सांगता येणार नाही. लॅपटॉप झोपला असेल. फोनमध्ये दोन सिम आहेत का? डेटा एका सिमवर आणि कॉल दुसऱ्यावर आला की बऱ्याच फोनमध्ये बोलणं संपेपर्यंत डेटा थांबतो.

शर्वरी_धायरी

दोन सिम आहेत. कॉल आला होता का ते आठवत नाही, लॉग बघते. लिंक दुसऱ्या फोनवरून उघडून बघितली, परवानगी न मागता उघडली.