थिसिसमधली लांबलचक वाक्यं कशी तोडायची?

शाईचा_डाग
गाइडनी चॅप्टर परत पाठवलाय, "वाक्यं तोडा पण म्हणणं हलवू नका" एवढाच शेरा. विषय 'दीनबंधु' वृत्तपत्र. हे एक वाक्य बघा, असली निदान चाळीस आहेत:

"१८७७ साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले 'दीनबंधु' जरी सत्यशोधक समाजाचा आवाज म्हणून ओळखले जात असले तरी पुढे लोखंडे यांच्या संपादनाखाली गिरणी कामगारांच्या प्रश्नांना त्यात मिळालेली जागा पाहता ते मुंबईतील श्रमिकांचेही व्यासपीठ बनले आणि त्यातून एक नवा वाचकवर्ग घडला असे म्हणता येईल."

पूर्णविराम
सोप्पंय. 'जरी', 'तरी', 'आणि' दिसलं की टिंब द्यायचं. वीस शब्दांच्या वर वाक्य जाऊच द्यायचं नाही, मी पेपरात कायम तेच करायचो.

गावकुस
आमच्या गाइडना उलट लांब वाक्यं आवडतात, छोटी लिहिली की म्हणतात शाळेतला निबंध वाटतो. शब्दमर्यादेत बसवायला काय करता तुम्ही लोक?

जुनी_प्रत
गावकुस, तो वेगळा धागा होईल.

पूर्णविराम, 'आणि'पाशी तोडायचं हे बरोबर, पण नुसतं टिंब देऊन बघा काय होतं ते. शेवटचं 'असे म्हणता येईल' आत्ता व्यासपीठ आणि वाचकवर्ग दोन्हींवर आहे, तोडलं की ते फक्त वाचकवर्गाला चिकटतं आणि 'व्यासपीठ बनले' हे सिद्ध झाल्यासारखं ठामपणे उभं राहतं. म्हणजे दावा वाढला की! आणि 'जरी' काढून 'तरी'च्या जागी 'मात्र ही ओळख चुकीची आहे' असं काही घातलं, तर मुळात नसलेलं भांडण उकरलं जातं, कारण 'श्रमिकांचेही' यातला 'ही' पहिली ओळख शाबूत ठेवतो. मी असं करेन:

"कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' सुरू केले. ते सत्यशोधक समाजाचा आवाज म्हणून ओळखले जाते. पुढे लोखंडे यांच्या संपादनाखाली त्यात गिरणी कामगारांच्या प्रश्नांनाही जागा मिळाली. ती जागा पाहता, ते मुंबईतील श्रमिकांचेही व्यासपीठ बनले असे म्हणता येईल. त्यातून एक नवा वाचकवर्ग घडला, असेही म्हणता येईल."

पूर्णविराम
'म्हणता येईल' दोनदा? कानाला खटकतंय.

जुनी_प्रत
खटकतंय खरं. दुसऱ्या ठिकाणी 'घडला असावा' चालेल का असं वाटलं होतं, पण तो अंदाज झाला, आणि 'म्हणता येईल' म्हणजे पुरावा बघून काढलेला निष्कर्ष, तेव्हा मी तरी खटकू देईन. तोडून झाल्यावर मूळ वाक्य झाकून ठेवा आणि नव्यातलं प्रत्येक वाक्य सुटं वाचून विचारा, हे एवढं मी ठामपणे म्हणते का.

शाईचा_डाग
वाचलं तसं. शेवटच्या वाक्यातलं 'त्यातून' म्हणजे कशातून तेच सांगता येईना मला, कामगारांना जागा दिली त्यातून की पत्र व्यासपीठ बनलं त्यातून? लांब वाक्यात हे कधी दिसलंच नव्हतं.

जुनी_प्रत
ते मी नाही ठरवू शकत, तुमची टिपणं काढा. तोवर 'त्यातून'ला हात लावू नका.