मदत हवी आहे: कलेतिहासाच्या वहीत सारनाथचा बुद्ध कसा टिपायचा?

परीक्षेसाठी ए-फाइव्ह स्केचबुक ठेवतोय: डावीकडे दहा मिनिटांची झटपट नक्कल, उजवीकडे टिपणं. सध्या मथुरेचा कुषाणकालीन कटरा बुद्ध आणि सारनाथचा पाचव्या शतकातला धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतला बुद्ध समोरासमोर काढतोय.

कटरा बुद्ध रेषेत छान उतरतो. शंखासारखा वळलेला केसांचा बुचडा, उघडे डोळे, उघडा उजवा खांदा, डाव्या हातावरच्या चुण्या. काढता काढताच टिपण सुचतं.

सारनाथला गाडी अडते. तिथे वस्त्राला चुण्याच नाहीत, ते फक्त गळ्याशी, मनगटांशी आणि खाली घडीत कळतं. रेषेत काढलं की मूर्ती उघडीच दिसते, आणि टिपणात पुस्तकातलं ‘पारदर्शक वस्त्र’ जसंच्या तसं येतं. पेन्सिल आडवी धरून छटा दिल्या, तर वेळ प्रभामंडळाच्या नक्षीतच जातो. फोटो उलटा ठेवून काढलं. प्रमाण सुधारलं, पण वस्त्राचा प्रश्न तसाच.

मूर्ती प्रत्यक्ष बघणं सध्या शक्य नाही, छापील फोटोच आहेत. रोज अर्धा तास मिळतो. चित्र सुंदर नसलं तरी चालेल, महिन्याभराने वही उघडल्यावर फरक आठवायला हवा.

अशा गुळगुळीत शिल्पाची नक्कल करताना तुम्ही दहा मिनिटांत नेमकं काय काढता आणि काय शब्दांवर सोडता? आणि टिपण आधी लिहिता की नंतर?